पिच डेकमधला क्रम: कोणत्या स्लाइडनंतर कोणती, आणि का

समजा, गुंतवणूकदारांकडे पैसे मागताना दाखवायच्या एका डेकमध्ये बारा स्लाइड आहेत. पहिलीवर कंपनीचं नाव आणि ध्येयवाक्य, दुसरीवर संस्थापकांचे फोटो, तिसरीपासून सहावीपर्यंत सॉफ्टवेअरची वैशिष्ट्यं, सातवीवर बाजारपेठेचा प्रचंड आकडा. ग्राहकाची अडचण नक्की काय आहे, हे नवव्या स्लाइडवर कळतं. माहिती सगळी आहे आणि खोटं काहीच नाही, तरी वाचणारा सहाव्या स्लाइडपर्यंत एकाच प्रश्नाशी अडकलेला असतो: हे कोणाला हवंय?

डॉकसेंड ही कंपनी आणि हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक टॉम आयझनमन यांनी २०१५ मध्ये सुमारे २०० नवउद्योगांचे डेक तपासले. गुंतवणूकदार एका डेकवर सरासरी ३ मिनिटं ४४ सेकंद घालवतात, असं त्यांना आढळलं. बारा स्लाइड असतील तर एकीच्या वाट्याला वीस सेकंदही येत नाहीत. एवढ्या वेळात वाचणारा मागे-पुढे जाऊन तुकडे जुळवत बसणार नाही. ती जुळणी आपणच करून द्यायची असते, आणि क्रम म्हणजे तीच जुळणी.

हा क्रम पाठ करायची गरज नाही. प्रत्येक स्लाइड वाचल्यावर समोरच्याच्या मनात एक शंका उठते आणि पुढच्या स्लाइडने नेमकं त्याच शंकेचं उत्तर द्यायचं असतं. अडचण सांगितली की तो विचारतो, मग तुम्ही काय करता? उपाय सांगितला की विचारतो, हा खरंच चालतो का? चालतो म्हटल्यावर, असे ग्राहक किती? मग, एका ग्राहकामागे उरतं किती? दुसरे कोण हे करतात? तुम्हीच का? आणि शेवटी, किती पैसे हवेत आणि त्यांत काय होईल? अडचण, उपाय, पुरावा, बाजार, कमाई, स्पर्धा, माणसं, मागणी हा क्रम या शंकांमधूनच येतो.

एक कल्पित उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जाऊ. दंतवैद्यांच्या छोट्या दवाखान्यांसाठी एक सॉफ्टवेअर आहे. अपॉइंटमेंट घेऊन न येणाऱ्या पेशंटांमुळे खुर्ची रिकामी राहते, ती हे सॉफ्टवेअर भरून देतं. पैशाचे आकडे मी चलनाशिवाय देतो, चलन तुमचं तुम्ही धरा.

अडचण: कोणाची, किती वेळा, कितीला पडते

बहुतेक डेकमध्ये या स्लाइडवर 'आरोग्यक्षेत्रात कार्यक्षमतेचा अभाव आहे' अशा धाटणीचं वाक्य असतं. ते कोणीही नाकारणार नाही, आणि कोणाला ते आपलंही वाटणार नाही. अडचण एका माणसाच्या एका दिवसात दिसायला हवी.

एका खुर्चीच्या दवाखान्यात दिवसाला १६ अपॉइंटमेंट असतात. त्यांतले २ पेशंट न कळवता येत नाहीत. महिन्याचे २५ दिवस धरले तर ५० वेळा खुर्ची रिकामी राहते. एका भेटीतून दवाखान्याला सरासरी ३० मिळतात, म्हणजे महिन्याला १,५०० चं नुकसान होतं. त्याच वेळी दहा-पंधरा पेशंट 'लवकरची वेळ मिळेल का' म्हणून ताटकळलेले असतात.

याला आणखी एका ओळीची जोड द्यावी, जी मला या स्लाइडवर सगळ्यांत मोलाची वाटते: आज हे लोक काय करतात? रिसेप्शनवरची बाई रोज सकाळी तासभर फोन लावत बसते, एकेकाला 'येताय ना' विचारते, आणि वहीत पेन्सिलीने खुणा करते. माणूस एखाद्या गोष्टीसाठी रोज तासभर खर्च करत असेल, तर ती अडचण खरी आहे. उलट, कोणी काहीच करत नसेल तर दोनच शक्यता उरतात: त्रास फारसा नाही, किंवा उपाय आजवर अशक्य होता. दुसरी शक्यता असेल तर ती सिद्ध करावी लागते.

उपाय: एक वाक्य आणि एक चित्र

इथे संस्थापकांचा हात सैल सुटतो. ज्यावर दोन वर्षं घालवली ते सगळं दाखवावंसं वाटतं, आणि ते स्वाभाविकही आहे. पण आधीच्या स्लाइडवर एकच अडचण मांडली आहे, तेव्हा या स्लाइडने तीच सोडवावी. 'पेशंटने आदल्या संध्याकाळपर्यंत होकार कळवला नाही, तर ती वेळ प्रतीक्षायादीतल्या लोकांना आपोआप कळवली जाते, आणि जो आधी हो म्हणेल त्याला मिळते.' एवढं वाक्य आणि मोबाईलवर तो संदेश कसा दिसतो याचं एक चित्र. बिलिंग, साठा, अहवाल हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये असेलही, पण त्यातलं काहीच रिकाम्या खुर्चीबद्दल बोलत नाही, म्हणून इथे नको.

अडचण मोजली होती, तेव्हा उपायही त्याच मापाने मोजायचा: ५० रिकाम्या वेळांपैकी २० भरल्या जातात. वीस गुणिले तीस म्हणजे दवाखान्याच्या हातात महिन्याला ६०० येतात. त्यासाठी तो १०० मोजतो. किंमत पटवण्यासाठी वेगळी स्लाइड लागत नाही, कारण ती या गुणाकारातच पटते. अडचणीच्या स्लाइडवर आकडा नसता, तर हा गुणाकार शक्यच नव्हता.

'आत्ताच का' हा प्रश्नही इथेच उठतो. असं काही नुकतंच बदललं असेल ज्यामुळे हा उपाय आज शक्य झाला, तर ते दोन ओळींत सांगा. बदललं नसेल तर ओढून-ताणून कारण आणू नका.

पुरावा: ट्रॅक्शनची जागा ठरलेली नसते

प्रचलित साच्यांमध्ये ट्रॅक्शन, म्हणजे ग्राहक खरंच मिळत असल्याचा पुरावा, बरंच मागे, बाजार आणि कमाईच्या नंतर असतं. मी तिथे अडून बसणार नाही. पुरावा दमदार असेल तर तो उपायाच्या लगेच पाठोपाठ यावा. 'हा उपाय चालतो का' ही शंका मनात घोळत असताना माणूस बाजाराचा आकडा नीट वाचतच नाही.

एअरबीएनबीचा २००८ च्या सुमाराचा सुरुवातीचा डेक आज सर्रास पाहायला मिळतो. त्यात अडचण आणि उपायानंतर बाजाराच्या आकाराआधी एक वेगळी स्लाइड आहे: काउचसर्फिंग आणि क्रेगलिस्ट या साइटवर लोक आधीच अनोळखी घरांत राहत होते आणि जागा देत होते, याचे आकडे. स्वतःकडे दाखवण्यासारखे मोठे आकडे नव्हते, म्हणून असं वागणारी माणसं जगात आहेत याचा पुरावा त्यांनी आधी ठेवला. 'लोक अनोळखी माणसाच्या घरी कशाला झोपतील' ही शंका तिथेच निघते, आणि मग बाजाराचा आकडा वाचायला मन मोकळं होतं.

आता आपल्या उदाहरणात हे जवळून पाहू. संस्थापकाच्या मूळ स्लाइडवर '१२० दवाखाने आमच्यासोबत' असं लिहिलं आहे आणि वर चढत जाणारा आलेख आहे. थोडं खोदलं की कळतं, १२० जणांनी नोंदणी केली, त्यांतले ७० थांबले, बहुतेक आठवडाभर वापरूनच, १० अजून मोफत वापरतात आणि ४० पैसे देतात. शिवाय आलेख आहे आजवरच्या एकूण नोंदणीचा. असा एकत्रित आलेख कधी खाली येऊच शकत नाही. उद्या सगळे ग्राहक सोडून गेले तरी तो सपाट राहील, इतकंच. अनुभवी गुंतवणूकदार अक्षावरचं नाव आधी वाचतो, आणि तिथे 'एकूण' दिसलं की पुढच्या सगळ्याच आकड्यांकडे संशयाने बघतो.

त्याच वास्तवातून खरी स्लाइड कशी निघते ते पाहा. पैसे देणारे दवाखाने ४०. ते सात महिन्यांत जमले, म्हणजे महिन्याला सुमारे सहा, आणि सगळे एकट्या संस्थापकाने फिरून मिळवलेले. ज्या पहिल्या १० दवाखान्यांना सहा महिने पूर्ण झाले, त्यांतले ९ आजही पैसे भरतात. ४० हा आकडा १२० पेक्षा लहान आहे, पण त्याच्यावर पुढचं बांधकाम उभं राहतं. 'महिन्याला सहा' आणि 'दहातला एक जातो' हे दोन आकडे लक्षात ठेवा, शेवटच्या स्लाइडवर त्यांचीच गरज पडणार आहे.

पैसे देणारा एकही ग्राहक नसेल तर? मग जे आहे ते त्याच्या खऱ्या नावाने सांगावं. तीन दवाखान्यांत चाचणी चालू आहे आणि तिथे किती रिकाम्या वेळा भरल्या, हा पुरावा आहे. आगाऊ पैसे भरून थांबलेले ग्राहक हा त्याहून बळकट पुरावा. 'अनेकांनी रस दाखवला' हा पुरावा नाही. अशा वेळी ही स्लाइड छोटी ठेवावी आणि माणसांची स्लाइड पुढे आणावी, कारण विश्वास ठेवायला समोरच्याकडे दुसरं काही उरत नाही. जिथे एखादं अवघड संशोधनच कंपनीचा गाभा आहे आणि संस्थापकांनी त्यावर दहा वर्षं काढली आहेत, तिथेही त्यांची ओळख अगदी सुरुवातीला देणं योग्य ठरतं.

बाजार: खालून वर मोजा

'जगभरातल्या दंतसेवेचा बाजार अमुक अब्जांचा आहे, त्यातला फक्त एक टक्का मिळाला तरी' हे वाक्य डेकमध्ये असेल तर काढून टाका. तो बाजार दातांच्या उपचारांचा आहे, तुमच्या सॉफ्टवेअरचा नाही. आणि एक टक्का कसा मिळणार, हा तर मूळ प्रश्न होता.

मोजणी दवाखान्यांपासून करायची. समजा, ज्या बाजारात विकायचं ठरवलंय तिथे एक लाख दवाखाने आहेत. त्यांपैकी अपॉइंटमेंट संगणकावर ठेवणारे आणि रिसेप्शनला माणूस असलेले ३०,०००. आपलं सॉफ्टवेअर यांनाच वापरता येईल. प्रत्येकी वर्षाला १,२०० म्हणजे ३ कोटी ६० लाख. हा आपला खरा बाजार. आकडा लहान वाटतो, पण त्यातली प्रत्येक पायरी तपासता येते.

तो पुरेसा आहे का, हे गुंतवणूकदार उलट्या बाजूने मोजतो, आणि ही गोष्ट फार थोड्या संस्थापकांना कोणी समजावलेली असते. समजा, त्याने ४ लाख गुंतवून २० टक्के हिस्सा घेतला. गुंतवणुकीच्या पुढच्या राउंडमध्ये नवे भागधारक आले की त्याचा हिस्सा घटून १२ टक्क्यांवर येतो. त्याला दहापट, म्हणजे ४० लाख परत हवे असतील, तर कंपनीची किंमत सुमारे ३ कोटी ३३ लाख व्हायला हवी. कंपनी वार्षिक विक्रीच्या पाचपटीने विकली जाईल असं धरलं, तर विक्री सुमारे ६७ लाख हवी. म्हणजे जवळजवळ ५,६०० दवाखाने, आणि ३०,००० मधला प्रत्येक पाचवा-सहावा दवाखाना आपला ग्राहक. अवघड आहे, पण हास्यास्पद नाही. हेच उत्तर 'प्रत्येक दुसरा दवाखाना' असं आलं असतं, तर धंदा चांगला असूनही या प्रकारच्या गुंतवणुकीला तो बसला नसता. असं दिसलं तर बाजार फुगवू नका. फिजिओथेरपी किंवा डोळ्यांचे दवाखाने हे पुढचं पाऊल असेल तर ते वेगळ्या ओळीत, 'नंतर' असं लिहून दाखवा. नाहीतर कर्ज किंवा लहान गुंतवणूकदारांचा मार्ग धरा.

कमाईची स्लाइड छोटी असते. महिन्याचे १०० येतात, सेवा देण्याचा खर्च वजा जाता ८० उरतात, आणि एक नवा दवाखाना मिळवायला ३०० खर्च होतात. चार महिन्यांच्या आत खर्च वसूल होतो. एवढं पुरे.

स्पर्धेच्या स्लाइडवर एकच सांगणं आहे: 'आम्हाला स्पर्धक नाही' असं लिहू नका. आपल्या उदाहरणात सगळ्यांत मोठा स्पर्धक म्हणजे ती वही, पेन्सिल आणि सकाळचा फोन. माणसांच्या स्लाइडवरही प्रत्येकाच्या नावापुढे एवढंच असावं की ही अडचण सोडवायला याचा कोणता अनुभव कामी येतो. पदव्यांची यादी तिथे वाचली जात नाही.

मागणी: आकडा आधीच्या स्लाइडमधून निघायला हवा

शेवटच्या स्लाइडवर सहसा एक रक्कम आणि तिच्याखाली रंगीत वर्तुळ असतं: विपणन ४० टक्के, तंत्रज्ञान ३५, इतर २५. या वर्तुळातून रक्कम एवढीच का, हे कळत नाही. निम्मी का नको, दुप्पट का नको, याला उत्तर नसतं.

मोजणी अशी व्हावी. पैसे साधारण १८ महिने पुरायला हवेत, कारण पुढचा राउंड उभा करण्यातच कित्येक महिने जातात. १८ महिन्यांनी नव्या गुंतवणूकदाराला काय दाखवायचं आहे? संस्थापक एकटा महिन्याला सहा दवाखाने आणतो. विक्रीला आणखी तीन माणसं घेतली तर चौघे मिळून २४ आणतील. दहातला एक सहा महिन्यांत सोडून जातो, त्या हिशोबाने सरासरी २०० दवाखान्यांमागे महिन्याला तीन-चार गळतील. हातात पडतील वीस. अठरा महिन्यांत ३६०, आधीचे ४० धरून ४००.

संस्थापकाने इथे ४०० लिहिलं, तर समोरून हमखास प्रश्न येईल: नवी माणसं पहिल्या दिवसापासून तुमच्याइतकंच विकणार? नाही विकणार. प्रत्येकाला तयार व्हायला तीन महिने धरले तर तीन माणसांचे नऊ महिने कोरडे जातील, म्हणजे ५४ दवाखाने कमी. म्हणून स्लाइडवर ३५० लिहायचं, आणि प्रश्न आला की हा हिशोब उलगडून दाखवायचा.

आता खर्च. पगार, सर्व्हर, प्रवास मिळून महिन्याला सरासरी ३२,००० धरू. अठरा महिन्यांचे ५ लाख ७६ हजार. या काळात दवाखाने ४० वरून ३५० वर गेले, तर साधारण साडेतीन लाख जमा होतील, पण सावधपणे त्याच्या निम्मेच, पावणेदोन लाख धरायचे. उरलेली तूट येते ४ लाख. हीच मागणी. स्लाइडवर वाक्य येतं: '४ लाख हवेत. त्यांतून तीन विक्री प्रतिनिधी आणि १८ महिन्यांत ३५० पैसे देणारे दवाखाने.' कंपनीचं मूल्यांकन शक्यतो लिहू नये. ते बोलण्यातून ठरतं, आणि कागदावर उतरलं की वाटाघाट सुरू होण्याआधीच आपण बांधले जातो.

खर्च आणि मुदत सोडली, तर यातला एकही मूळ आकडा शेवटच्या स्लाइडवर पहिल्यांदा भेटत नाही, हे लक्षात आलं असेल. महिन्याला सहा आणि दहातला एक हे पुराव्याच्या स्लाइडवर होते, १०० ची किंमत उपायाच्या. क्रम बरोबर आहे की नाही, याची माझी कसोटी हीच. मागणीच्या स्लाइडवर एखादा आकडा आभाळातून पडलेला दिसला, तर मागे कुठेतरी एक दुवा सुटला आहे.

दुसरी कसोटी मथळ्यांची. 'अडचण', 'बाजार', 'टीम' असे मथळे काही सांगत नाहीत. त्यांच्या जागी पूर्ण वाक्यं ठेवा आणि फक्त तीच सलग वाचा: 'दवाखान्याची खुर्ची महिन्यात ५० वेळा रिकामी राहते. आम्ही त्यांतल्या २० वेळा भरतो. ४० दवाखाने त्यासाठी पैसे देतात आणि दहातले नऊ टिकतात. असे ३०,००० दवाखाने आहेत. एक मिळवायचा खर्च चार महिन्यांत वसूल होतो. आज लोक हे काम वहीवर करतात. आमच्यातल्या एकाने असा दवाखाना आठ वर्षं चालवला आहे. ४ लाखांत आम्ही ३५० पर्यंत जाऊ.' हे एका दमात वाचता आलं, मध्ये 'पण थांबा' असं म्हणावंसं वाटलं नाही, तर क्रम जुळला. जिथे अडखळायला होतं तिथली स्लाइड एकतर चुकीच्या जागी आहे किंवा मुळात नको आहे.

मेलने पाठवायचा डेक आणि समोर उभं राहून दाखवायचा डेक यांचा क्रम तोच असतो, मजकूर मात्र वेगळा. पाठवलेला डेक तुमच्याशिवाय वाचला जातो, म्हणून त्यात प्रत्येक आकड्याखाली एक-दोन ओळींचं स्पष्टीकरण हवं. समोर दाखवताना तेच स्पष्टीकरण तुमच्या तोंडी असतं, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांतला मथळा नि एक चित्र पुरतं. उद्योजक-लेखक गाय कावासाकी यांचा दहा स्लाइड, वीस मिनिटं आणि तीस पॉइंटची अक्षरं हा प्रसिद्ध नियम या दुसऱ्या डेकसाठी आहे. पाठवायच्या डेकला तो जसाच्या तसा लावला तर वाचणाऱ्याच्या हाती नुसते मथळे येतात.

महिनावार खर्चाचा तक्ता, गळतीचा तपशील, सॉफ्टवेअरची बाकीची वैशिष्ट्यं हे सगळं मागणीच्या स्लाइडनंतर, राखीव स्लाइड म्हणून ठेवावं. प्रश्न आला तरच तिथे जायचं. आणि सादरीकरण संपल्यावर पडद्यावर 'धन्यवाद' ठेवू नका. चर्चा अर्धा तास चालते, आणि तेवढा वेळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तीच एक स्लाइड असते. तिथे मागणीची स्लाइड राहू द्या.